दोन पावलं, खो, बस!

‘हा प्रत्येक कामात खो घालतो’ असं आई माझ्याबद्दल उगाच म्हणत नसे. पण खो-खो मात्र मला येत नव्हता. सातवीत असताना खेळाच्या तासाला पोट दुखणं हाच माझा नियमित व्यायाम. दहावीतला संघनायक, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, त्याने हे पोट ओळखलं. म्हणाला, “पळायचं नाही रे. नुसतं बसायचं. आठ जण बसलेलेच असतात!”

बसण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी हो म्हणालो.

पाटीवर बसल्यावर फसगत कळली. एकाचं तोंड पूर्वेला, तर शेजारच्याचं पश्चिमेला. पाठीवर थाप आणि ‘खो’ एकदमच यायला हवेत, त्याआधी उठलं की फाऊल. मी शेजाऱ्याच्या खोलासुद्धा उठायचो. उठलो की जीव तोडून धावायचो, शेजाऱ्याची पाठ ओलांडून पुढे जायचो आणि मग खो द्यायला मागे वळायचो. पुन्हा फाऊल! एकदा घेतलेली दिशा खुंटापर्यंत बदलता येत नाही. माझ्या अंगाला तर ब्रेकच नव्हते.

पोरं वैतागली. दादा मात्र रोज शाळा सुटल्यावर माझ्या मागे उभा राहायचा. आठवडाभर त्याने मला धावूच दिलं नाही. पाठीवर थाप, ‘खो’, मी उठायचं, दोन पावलं चालायचं, पुढच्या पाठमोऱ्या गड्याला खो द्यायचा आणि त्याच्याच जागी बसायचं. “गडी पकडणं तुझं काम नाही,” तो म्हणायचा. “खो शिळा होऊ द्यायचा नाही, एवढंच.”

मला खेळातलं तेच आवडलं. दुसऱ्याला उठवून त्याच्या जागी बसायचं! एसटीत असं केलं असतं तर मारामारी झाली असती.

वर्गांच्या सामन्यात समोरचा पोरगा साखळी खेळत होता. बसलेल्यांच्या मधून सुईदोऱ्यासारखा या बाजूला, त्या बाजूला. आम्हाला मधली पाटी ओलांडायची बंदी, त्यामुळे तो पलीकडे गेला की पलीकडे तोंड असलेल्याला उठवायचं. मला खो मिळाला. मी उठलो तोवर तो पलीकडे सटकलाही होता. पूर्वीचा मी त्याच्याकडे बघत धावत सुटलो असतो. आता फक्त पुढची पाठ बघितली. दोन पावलं, “खो!”, आणि बसलो. उठलेल्याने सूर मारला. पोरगा बाद.

टाळ्या सूर मारणाऱ्याला. वहीत नाव त्याचंच. मी त्याच्या जागेवर बसून धापा टाकत होतो. दोन पावलांनीसुद्धा माणूस दमतो. खुंटाकडून दादा ओरडला, “बरोब्बर बसलास!”

बसल्याबद्दल शाबासकी मिळालेला शाळेतला मी पहिलाच असेन. दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला खरंच पोट दुखत होतं. मी कुणालाच सांगितलं नाही.