करंगळी परत आली, त्याबद्दल आभार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी साहेब,

तुमचं नाव आणि पत्ता तुमच्याच संकेतस्थळावर ठळक दिसेल असा ठेवावा, असं नियम सांगतो. तुम्ही तो ठेवलाही आहे. तीन पानं खाली सरकल्यावर, मुंगीच्या अक्षरांत. सेवानिवृत्त शिक्षकाला भिंग आणि वेळ दोन्ही असतं म्हणून सापडला.

मी राहणार अणदूर, तालुका तुळजापूर. तुमच्याकडे गेल्या रविवारपासून एक चित्र फिरतंय. त्यात मी गुबगुबीत सोफ्यावर बसलो आहे, पुढ्यात पाचशेच्या नोटांच्या थप्प्या आहेत आणि वर लिहिलंय, ‘गुरुजींनी एका महिन्यात पैसे दुप्पट केले, तुम्ही कधी?’ सोमवारी सकाळी शेजारच्या आत्याबाई पदराच्या गाठीत बचत गटाचे पैसे बांधून दारात हजर. “गुरुजी, माझं बी तेवढं दुप्पट करा की.” मी नाही म्हणालो तर म्हणतात, “आपल्या माणसालाच नाही म्हनतावं व्हय?”

आता चित्राबद्दल. डोकं माझं आहे, ते शाळेच्या निरोप समारंभातल्या फोटोतून उचललेलं. त्या दिवशी ऊन डावीकडून होतं, म्हणून नाकाची सावली उजव्या गालावर पडली आहे. सोफ्याची आणि धडाची सावली मात्र डावीकडे पडते. म्हणजे माझ्या मानेपाशी सूर्य बदलतो. कानामागे फेट्याचा गुलाबी काठ राहिला आहे, कातरणाऱ्याला तेवढाही धीर नव्हता. आणि सर्वांत भक्कम पुरावा डाव्या हाताचा. माझी करंगळी 1994 साली कडबाकुट्टीत गेली. चित्रात ती परत आली आहे, वर अंगठी घालून. तिच्यापुरते आभार. बाकीचं काढा.

आधी मी चित्राखालचं तक्रारीचं बटण दाबलं होतं. तिथल्या यादीत ‘मला हे आवडलं नाही’ होतं, पण ‘डोकं माझं, धड कुणाचं ते ठाऊक नाही’ असा पर्याय नव्हता. मी ‘फसवणूक’ निवडलं. चार मिनिटांत उत्तर आलं, चित्र आमच्या मानकांचं उल्लंघन करत नाही. चार मिनिटांत तर मी हजेरीसुद्धा घेत नसे. नंतर पोराने सांगितलं की ते बटण वेगळं आणि तुम्ही वेगळे. म्हणून हे पत्र.

माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 मधला नियम 3(2)(ख) तुमच्या टेबलावर असेलच. एखाद्याचं सोंग घेणारा मजकूर, त्यात त्या माणसाच्या फेरफार केलेल्या प्रतिमाही आल्या, त्याबद्दल त्याने स्वतः तक्रार केली तर तो हटवायचा. नियम निघाले तेव्हा त्याला मुदत होती 24 तास. चित्राची लिंक जोडली आहे, कारण नुसत्या स्क्रीनशॉटवरून तुम्हाला ते ‘सापडत नाही’ असा अनुभव इतरांनी सांगितला. खात्याचं नाव देत नाही, ते मंगळवारपासून दोनदा बदललंय. लिंक तीच आहे. मूळ फोटो, तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट आणि आधारची प्रत सोबत आहे, आधारचे पहिले आठ आकडे झाकून. आधीच एक डोकं बाहेर गेलंय, आता अख्खा नंबर कशाला द्यायचा?

एक विनंती. त्याच चित्राच्या कडा कापून, वर गुलाबाची फुलं चिकटवून चार प्रती निघाल्या आहेत. प्रत्येकीची लिंक निराळी, म्हणून चारही खाली दिल्या आहेत. लोकांच्या मोबाइलमध्ये उतरलेल्या प्रती तुमच्या हातात नाहीत, हे मान्य. त्या आत्याबाईंना मी हात दाखवून पटवतो आहे.

आम्ही काही अडाणी नाही, साहेब. आमच्या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन. सव्वादहा महिने अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गला. हलवताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. देवसुद्धा एका वेळी एकाच ठिकाणी असतो आणि तोही कागद करून जातो. माझं डोकं कुठल्या कागदावर गेलं, तेवढं कळवा.

सचिन तेंडुलकरांच्या तोंडी कुणीतरी गेमिंग अ‍ॅपची जाहिरात घातली होती, जानेवारी 2024 मध्ये. त्यांनी स्वतः जाहीर सांगितलं तेव्हा मुंबईत गुन्हा दाखल झाला. माझ्यामागे गाव सोडून कुणी नाही आणि गाव सध्या पैसे घेऊन रांगेत आहे. तुमचं उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, gac.gov.in वर. तिकडचा फॉर्म भरून ठेवला आहे.

आपला,
डोक्याचा मूळ मालक

ता. क. : पत्र टाकायच्या आत तुमचा निरोप आला, ‘आपल्या तक्रारीवर कारवाई केली आहे.’ घाईघाईने पाहिलं. सोफ्यावरचे गुरुजी जागेवर आहेत. निरोप समारंभाचा फोटो तुम्ही काढून टाकला आहे, बनावट असल्याच्या संशयावरून. त्यात बोटं नऊच होती.