टक्का उतरवून देणाऱ्या महोदयांस



आमच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं साम्य आपण २२ टक्क्यांवरून ७ वर आणलंत, त्याबद्दल आभार. एकही वाक्य मूळ रूपात सापडू नये, हा आपला बाणा. त्या तडाख्यात औषधशास्त्रातली ‘हाफ-लाइफ’ची व्याख्याही सापडली.

मूळ व्याख्या रुक्ष होती: औषधाची प्लाझ्मातली संहती निम्म्यावर यायला लागणारा काळ. आपण केलंत: औषध रक्तात जितका वेळ टिकतं, त्याच्या निम्मा वेळ. वाक्य छान वाहतं. शिवाय ‘संहती’सारखा बोजड शब्दही गेला.

आता आकडे घालून पाहू. हाफ-लाइफ ६ तास. १०० मिलिग्रॅम औषध थेट शिरेत दिलं. आपल्या व्याख्येप्रमाणे १२ तासांनी ते साफ संपलं. प्रत्यक्षात पहिल्या ६ तासांनी ५० उरतं आणि पुढच्या ६ तासांत त्या ५०चं निम्मं जातं. म्हणजे १२ तासांनी २५ मिलिग्रॅम शरीरात आहेच. २४ तासांनीही सहाच्या वर. दर वेळी जे उरलंय त्याचं निम्मं जातं, सुरुवातीच्या डोसाचं नव्हे. सगळी मेख तिथेच आहे.

विद्यार्थिनीने आपल्या व्याख्येवर विसंबून दर १२ तासांनी डोस धरला आणि प्रत्येक वेळी पाटी कोरी मानली. खरं तर दुसऱ्या डोसानंतर शरीरात १२५ मिलिग्रॅम असतं, तिसऱ्यानंतर १३१, आणि पुढे ते १३३च्या आसपास स्थिरावतं. ज्या औषधात उपकारक आणि अपायकारक पातळीत वीतभरही अंतर नसतं, तिथे हा वरचा तिसरा हिस्सा रुग्णाला भोवू शकतो. आपल्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही, टक्का मात्र हिरवा आहे.

(दारूला स्थिर हाफ-लाइफ नसते, एरवीच्या प्रमाणात ती तासाला साधारण ठरावीक मापानेच उतरते. आपली व्याख्या तिला मात्र जवळपास लागू पडते, हे तेवढं समाधान.)

गंमत अशी की, एवढा खटाटोप कोणी मागितलाच नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. सर्वसामान्य संज्ञा, नियम, प्रमाण चिन्हं आणि प्रमाण समीकरणं तर मोजणीतून वगळायचीच आहेत, आणि श्रेय देऊन केलेलं उद्धरणही. म्हणजे व्याख्या अवतरणचिन्हांत घालून संदर्भ दिला असता, तर काम झालं असतं. यंत्र हे आपणहून वगळत नाही. अहवाल उघडून माणसाला वगळावं लागतं. त्याला अर्धा तास लागतो. आपल्या दरपत्रकात ही सेवा दिसली नाही.

पुढच्या प्रबंधात व्याख्या, एकके आणि सूत्रं मी पिवळी करून पाठवीन. पिवळ्याला हात लावू नये. ‘मिलिग्रॅम प्रति किलो प्रति दिवस’मधला ‘प्रति दिवस’ पुनरुक्ती वाटली, तरीही नाही. मनोगतात मात्र मनसोक्त लेखणी चालवा. ते तपासणीत धरतच नाहीत.

आपला,
एक मार्गदर्शक