सूचित किया जाता है की पाणी वाढलं आहे

कोयना धरणाचे दरवाजे उघडले की पाणी कुणाची मंजुरी न घेता निघतं, कराडला कृष्णेत शिरतं आणि सांगलीत आयर्विन पुलाखाली हजर होतं. त्याला जावक क्रमांक लागत नाही. परिपत्रकाला लागतो. त्यामुळे साताऱ्याहून सांगलीला एकाच वेळी पाणी आणि परिपत्रक निघालं, तर आधी कोण पोचेल यावर पैज लावायला कुणी तयार होत नाही.

कल्पना करा, साताऱ्यात केंद्र सरकारचं एक कार्यालय आहे आणि सांगलीत त्याची शाखा, तीही तळमजल्यावर. पावसाने जोर धरलाय. साताऱ्याच्या साहेबांच्या मनात एक साधा विचार येतो : खालचे कागद वर न्यावेत. साहेब मराठी, शाखेतले सगळे मराठी. फोनवर चार शब्दांत काम झालं असतं. पण फोन फायलीला लावता येत नाही, म्हणून परिपत्रक काढायचं ठरतं.

आता कायदा मध्ये येतो. राजभाषा अधिनियम, 1963 च्या कलम 3(3) प्रमाणे सर्वसाधारण आदेश हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढायचे असतात. 1976 च्या राजभाषा नियमांनी देशाचे क, ख आणि ग असे तीन भाग केले, त्यात महाराष्ट्र ‘ख’मध्ये बसला. कागद दोन्ही भाषांत निघाला की नाही, याची जबाबदारी नियम 6 ने सही करणाऱ्यावर टाकली आहे. त्यामुळे सही करण्यापूर्वी साहेबांना पुराची नाही, हिंदीची भीती वाटते.

मसुदा भाऊसाहेबांकडे जातो. भाऊसाहेब म्हणजे मोठे बाबू, तीस वर्षं मराठीतून ‘करण्यात येत आहे’ लिहून मुरलेले. ते पाच मिनिटांत लिहून देतात :

“सब स्टाफ को सूचित करने में आता है कि नदी का पानी बढ़ने से नीचे का रेकॉर्ड ऊपर के मजले पर हलवाने में आवे।”

वाचून हिंदी विभागातल्या मॅडम डोळे मिटतात. ‘करण्यात येते’ हा मराठी दफ्तराचा मानबिंदू, पण त्याचं शब्दशः ‘करने में आता है’ केलं की मजकूर कृष्णाकाठचा आहे हे दिल्लीला लगेच कळतं. सरकारी हिंदीत इथे ‘किया जाता है’ लागतं. ‘हलवाने में आवे’ वाचून तर मूळ हिंदीवाला शिऱ्याचं ताट शोधेल. तिथे हवं ‘स्थानांतरित किया जाए’. मजल्याचा ‘तल’ होतो आणि रेकॉर्डचे ‘अभिलेख’.

“अवो मॅडम, पाणी छत्तीस फुटांवर गेलंय म्हणं,” भाऊसाहेब म्हणतात.

“जाऊ दे. आधी काळ ठरवा,” मॅडम म्हणतात.

काळाचं गणित खरोखर नीट आहे. आत्ता कळवायचं असेल तर ‘किया जाता है’. आधीच ठरून गेलं असेल तर ‘किया गया है’. धमकी द्यायची असेल तर ‘किया जाएगा’. हुकूम सोडायचा असेल तर ‘किया जाए’, म्हणजे आपलं ‘करावे’. चारही ठिकाणी कर्ता गायब. कोण कळवतो, कोणी ठरवलं, कोण धमकावतो, कोणी करावं, काही पत्ता लागत नाही. वाक्य आपोआप घडलं, असंच वाचणाऱ्याला वाटतं.

पुढची खिंड लिंगाची. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे मराठीतली ‘ते’वाली मंडळी तिकडे कुणाच्या पंक्तीला बसतील याचा नेम नसतो. आपलं पुस्तक तिकडे स्त्रीलिंगी होतं, आपलं परिपत्रक तिकडे ‘परिपत्र’ होऊन पुल्लिंगी. आणि कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे धावतं : अभिलेख ‘स्थानांतरित किए जाएँ’, फाइलें ‘स्थानांतरित की जाएँ’, रिपोर्ट ‘प्रस्तुत की जाए’. एका वाक्यात तिन्ही आली की भाऊसाहेबांना घाम फुटतो.

यावर मुरलेल्या बाबूंकडे एक उतारा आहे. कर्माला ‘को’ लावायचं. ‘फाइलों को स्थानांतरित किया जाए’, ‘अभिलेखों को स्थानांतरित किया जाए’. ‘को’ लागला की क्रियापद पुल्लिंगी एकवचनात थिजतं, मग कर्म कुठलंही असो. शाळेत शिकलेला भावे प्रयोग हाच. परीक्षेत दोन गुणांना आलेली गोष्ट नोकरीत अशी सांभाळून घेते. मात्र दर ओळीत ‘को’ दिसू लागला, की लिहिणारा लिंगाला घाबरतोय हे जाणकाराने ओळखावं.

पाणी चाळीस फुटांवर जातं. आयर्विन पुलाशी ही इशारा पातळी. इकडे शेवटचा मसुदा तयार होतो :

“सभी अधिकारियों/कर्मचारियों को एतद्द्वारा सूचित किया जाता है कि कृष्णा नदी के जलस्तर में वृद्धि को ध्यान में रखते हुए भूतल पर रखे सभी अभिलेख तत्काल प्रभाव से प्रथम तल पर स्थानांतरित किए जाएँ तथा अनुपालन रिपोर्ट प्रस्तुत की जाए। इसे सक्षम प्राधिकारी के अनुमोदन से जारी किया जाता है।”

भाऊसाहेबांनी खाली सवयीने ‘भवदीय’ लिहिलेलं असतं. मॅडम ते खोडतात. भवदीय पत्रात असतो. परिपत्रक कुणाचंच नसतं, त्यामुळे त्याच्याखाली नम्रही होता येत नाही. खाली फक्त नाव, पदनाम आणि प्रतिलिपींची यादी.

मसुदा निर्दोष आहे. एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही. फक्त तो वाचून कळत नाही की गठ्ठे उचलायचे कोणी आणि कधीपर्यंत. शाखेत तो ‘सभी’ना मिळतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात. ‘सक्षम प्राधिकारी’ कोण, हे साहेबांनाही विचारू नये. तेवढ्यात पाणी पंचेचाळीसची धोका पातळी ओलांडतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा ‘भूतल’ आणि ‘प्रथम तल’ यांतला फरक नदीनेच बऱ्याच घरांपुरता मिटवला.

दोन दिवसांनी अहवाल जातो : “उक्त अभिलेख भीग गए।” इथे कर्मणी प्रयोगाचीही गरज उरलेली नाही. भिजणं हे अकर्मक क्रियापद. हुकूम देताना कर्ता लपवावा लागला होता, नुकसान सांगताना अभिलेखच कर्ता होऊन बसतात. चौकशी समितीपुढे असं व्याकरण फार कामाला येतं.

कुणी म्हणेल, हा हिंदीचा दोष. अजिबात नाही. आपल्या मंत्रालयातला शासन निर्णय उघडा. ‘निदर्शनास आणून देण्यात येत आहे’ हे वाक्य कुठल्याही हिंदी वाक्याला घाम फोडेल. उलट राजभाषा विभागाने 26 सप्टेंबर 2011 रोजी सोपी, रोजची हिंदी वापरा असं पत्र काढलं होतं. 1963 चा कायदा भाषा कोणती ते सांगतो, 1976 चे नियम जबाबदारी कुणाची ते सांगतात. कर्ता लपवा असं दोघांतही कुठे लिहिलेलं नाही.

तेव्हा साताऱ्याच्या साहेबांनी पुढच्या पावसाळ्यात एवढंच लिहावं : “शाखा प्रमुख भूतल के सभी अभिलेख आज सायं 5 बजे तक प्रथम तल पर पहुँचवाएँ और 6 बजे तक रिपोर्ट भेजें।” हिंदी शुद्ध, नियम शाबूत, आणि काम कुणाचं ते सांगलीत पहिल्या वाचनात कळेल. फक्त असं वाक्य लिहिलं की गठ्ठे भिजल्यावर शाखा प्रमुखाला जाब विचारावा लागतो, आणि तो उलट विचारतो की तुम्ही कळवलंत किती वाजता. कर्मणी प्रयोग सरकारात टिकून आहे तो याचमुळे, व्याकरणामुळे नव्हे.