परीक्षकाच्या कागदावर तुमचं वाक्य कुठे आहे?

'भाषण उत्तम झालं, पण नंबर गेला.' स्पर्धेनंतर कँटीनमध्ये हे ऐकू येतं आणि पाठोपाठ परीक्षकांचा उद्धार होतो. माझं म्हणणं आहे की बहुतेक वेळा परीक्षक बरोबर असतात. त्यांच्या हातात निकषांचा कागद असतो, तो आधीच जाहीर झालेला असतो आणि स्पर्धकाने तो वाचलेला नसतो.

'थ्री मिनिट थिसिस'चंच घ्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये ही स्पर्धा सुरू केली. पीएचडीचं संशोधन तीन मिनिटांत सांगायचं, पडद्यावर एकच स्थिर स्लाइड, वेळ ओलांडली की बाद. निकषांचे गट दोनच: आशय कळला का, आणि श्रोता गुंतला का. पण प्रत्येक गटात चार-पाच वेगळे प्रश्न दडलेले आहेत. पार्श्वभूमी समजली का? निष्कर्ष आणि परिणाम स्पष्ट झाले का? प्रत्येक भागाला पुरेसा वेळ मिळाला का? संशोधन उथळ करून तर मांडलं नाही ना? स्लाइडमुळे भर पडली का? हे प्रश्न सुटे करून लिहिले नाहीत, तर तयारी सुरूच झालेली नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक मुलगी भूजलावर संशोधन करते. बेसॉल्टच्या प्रदेशात बंधारा बांधला, तरी जवळच्या काही विहिरी कोरड्या का राहतात, हा तिचा प्रश्न. तिचं उत्तर असं, की जमिनीखाली डाइक, म्हणजे कठीण खडकाची उभी भिंत, आडवी आली तर पाणी तिच्या अलीकडेच अडतं. विषय सुरेख आहे. भाषणाचा पहिला मसुदा मात्र असा: दुष्काळ आणि पार्श्वभूमी 95 सेकंद, पद्धत 50, निष्कर्ष 25, उपयोग 10. एकूण 180.

आता तिने प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यावा आणि मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याच्या समासात त्या वाक्याने कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळतं तो क्रमांक लिहावा. दुष्काळावरच्या सात वाक्यांसमोर एकच आकडा सातदा येईल. स्लाइडचा क्रमांक कुठेच नसेल, कारण मागे सुंदर नकाशा लावूनही ती त्याच्याकडे एकदाही वळत नाही. उपयोगाचा क्रमांक शेवटच्या घाईत, एका वाक्याच्या शेपटीला लागलेला. तिच्या दृष्टीने तो मुद्दा भाषणात आहे. एकदाच ऐकणाऱ्या परीक्षकाच्या दृष्टीने तो नाही.

दुरुस्ती सरळ आहे. पार्श्वभूमी 45 सेकंद, पद्धत 30, निष्कर्ष 65, उपयोग 30. दहा सेकंद मोकळे, कारण सभागृह हसलं किंवा श्वास लागला तर ते हवेतच. निष्कर्षाच्या वेळी नकाशाकडे हात: 'ही काळी रेषा म्हणजे डाइक. रेषेच्या या बाजूच्या विहिरींना पाणी, त्या बाजूच्या कोरड्या.' इथे स्लाइड आणि निष्कर्ष दोन्ही एकदम दिसले. मग उपयोग: 'बंधाऱ्याची जागा ठरवण्याआधी डाइक शोधा.' आणि त्याच्या लगेच पुढे: 'मी अभ्यासलेल्या गावांपलीकडे हे तपासून पाहावं लागेल.' हे शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात, दावा कमजोर वाटेल म्हणून. उथळपणाच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची तीच जागा आहे.

या पद्धतीचा अतिरेकही होतो, आणि तो मला जास्त खटकतो. 'आता माझ्या संशोधनाचे महत्त्व सांगते' असं निकषाच्याच भाषेत बोललं की गुण मिळतील, हा गैरसमज आहे. त्याने पहिल्या गटात काही मिळालं तरी दुसऱ्यात जातं, कारण अर्ज भरणाऱ्यात कोणी गुंतत नाही. निकषाला जागा द्यायची, त्याचं नाव घ्यायचं नाही. शिवाय उत्साह, नजर, आवाजाचा चढउतार यांना स्वतंत्र वाक्य देता येत नाही. त्यांच्यासाठी मसुद्यात खुणा हव्यात: इथे थांबायचं, इथे मागच्या रांगेकडे बघायचं. 'त्या बाजूच्या कोरड्या' यानंतर दोन सेकंद गप्प राहणं ही अशीच एक खूण.

सगळं बसलं की नाही, हे स्वतः ठरवू नका. विषय न कळणाऱ्या माणसाला निकषांचा कागद द्या, एकदाच बोलून दाखवा आणि प्रत्येक प्रश्नासमोर त्याला उत्तर कोणत्या वाक्यात मिळालं ते लिहायला सांगा. मार्गदर्शक प्राध्यापक या कामाला नकोत. त्यांना संशोधन आधीच ठाऊक असतं, त्यामुळे न बोललेलंही त्यांना ऐकू येतं. जिथे तो माणूस रकाना कोरा सोडेल, तिथे परीक्षकही सोडतील. तेवढं वाक्य पुन्हा लिहा, पुढे आणा, आणि मग पुन्हा घड्याळ लावा.