रेकॉर्डिंगवाला भाचा

हिंगोली जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचा एक भाचा पुण्यात असतो. तो हिंजवडीला नाहीतर खराडीला असतो, गळ्यात कंपनीचा पट्टा असतो, आणि नात्यातल्या समस्त मोबाईलांची जबाबदारी कुणी न सांगता त्यानं अंगावर घेतलेली असते. कंपनीत त्याला कोण किती विचारतं ते देव जाणे, पण वसमतपासून सेनगावपर्यंत त्याचे जेवढे मामा, मावश्या आणि चुलते पसरलेत, त्यांच्यात त्याचा शब्द तहसीलदाराच्या वरचा.

पूर्वी हा भाचा फोनवर सांगायचा. "मामा, वर कोपऱ्यात तीन रेघा दिसतात का?" मामा बराच वेळ न्याहाळून म्हणायचे, "तीन नाही, चार हायेत. पण त्या काच तडकल्याच्या हायेत." असं अर्धा तास चालायचं, आणि शेवटी मामा शेजारच्या पोराला हाक मारायचे. मग २०२० नंतरच्या अँड्रॉइड फोनांत स्क्रीन रेकॉर्ड करायची सोय फोनमध्येच यायला लागली. वरून पट्टी खाली ओढायची, त्या चिन्हावर बोट ठेवायचं, की आपण फोनवर जे जे करतो त्याचा बोलका व्हिडिओ तयार. त्या दिवसापासून भाच्यानं समजावून सांगणं बंद केलं. आता तो एकच वाक्य बोलतो, "मामा, व्हिडिओ टाकतो."

त्याची खरी कसोटी लागते ती खरिपात, ई-पीक पाहणीच्या वेळी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं आपला पीकपेरा स्वतःच ॲपवर नोंदवायचा असं ठरलं. त्याआधी तलाठी नोंदवायचे, आणि त्यांना शेत कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक असलंच पाहिजे असं नव्हतं. आता मामांनी फोन घेऊन बांधावर जायचं, गट क्रमांक निवडायचा, पीक निवडायचं, क्षेत्र टाकायचं, पिकाचा फोटो काढायचा. सातबाऱ्यावर पीक चढलं नाही तर पुढं भरपाईच्या वेळी आणि विक्रीच्या वेळी अडचण. मामांनी पुण्याला फोन लावला.

पहिला व्हिडिओ आला तो मुका. भाच्यानं मन लावून, अगदी बातम्या वाचणाऱ्या बाईसारखं स्पष्ट बोलून तो केला होता, पण रेकॉर्डिंग सुरू करताना आवाज कुठला घ्यायचा हे फोन विचारतो, तिथं त्यानं फोनच्या आतला आवाज निवडला होता, मायक्रोफोन नव्हे. आतला आवाज म्हणजे गाण्याचा, घंटीचा. माणूस फोनच्या बाहेर असतो, त्यामुळं त्याला माइकच लागतो. मामांनी तो मूकपट दोनदा पाहिला आणि निरोप धाडला, "चित्र चांगलं हाय. पण तू रुसलास का?"

दुसऱ्यात आवाज होता, बोट नव्हतं. "आता इथं दाबा," भाचा म्हणायचा, "मग इथं, आणि मग हे असं करा." रेकॉर्डिंगमध्ये स्क्रीन येते, बोट येत नाही. सुरुवातीलाच स्पर्श दाखवायचा पर्याय चालू केला तर बोट टेकेल तिथं पांढरा ठिपका दिसतो. तो चालू नसेल तर 'इथं' म्हणजे परभणीही असू शकते. शिवाय भाच्याची सवय अशी की आधी दाबायचं आणि मग सांगायचं. तो 'हिरव्या बटनावर' म्हणेपर्यंत हिरवं बटन जाऊन पुढचं पान आलेलं असायचं, आणि मामा त्या पुढच्या पानावर हिरवं काही सापडतं का ते शोधत बसायचे. ज्याला हे काम येतं तो आधी बटनावर काय लिहिलंय ते वाचून दाखवतो, दोन श्वास थांबतो आणि मग दाबतो. भाच्याला थांबणं माहीत नाही. त्याला सगळं येतं, हीच अडचण.

मधेच एकदा वरून बँकेचा मेसेज घसरत खाली आला. हप्ता कापून खात्यात किती उरले, तो आकडा स्वच्छ दिसला. व्हिडिओतलं दुसरं काही मामांच्या ध्यानात राहिलं नाही, पण तो आकडा राहिला. संध्याकाळपर्यंत तो मामीला, मामीकडून मावशीला आणि मावशीकडून भाच्याच्या आईला कळला. आईनं त्याला फोन करून विचारलं, "नीट जेवतोस ना रे?" रेकॉर्डिंगआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावायचं असतं, हे त्यानंतर भाच्याला कुणी सांगावं लागलं नाही.

पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. खरी मेख निराळीच होती, आणि ती भाच्याच्या हुशार डोक्यात शिरायला बराच वेळ गेला. तो दाखवत होता स्वतःचा फोन. त्याच्या फोनमध्ये ॲप आधीच भरलेलं, ठिकाणाची आणि कॅमेऱ्याची परवानगी कधीच देऊन झालेली, खातेदार निवडून ठेवलेला. त्याचा व्हिडिओ त्यामुळं थेट पीक निवडण्यापासून सुरू व्हायचा. मामांच्या नव्याकोऱ्या ॲपनं मात्र पहिल्याच पावलावर 'While using the app' की 'Don't allow' असं इंग्रजीत विचारलं. व्हिडिओत असं काही नव्हतं. मामा सावध माणूस. जे भाच्यानं दाखवलं नाही त्याला त्यांनी सरळ नकार दिला. मग ॲपला शेत कुठंय ते दिसेना आणि मामांना ॲपमध्ये पुढं काही दिसेना. भाचा तिकडून म्हणत होता, "मामा, माझ्याकडं तर चालतंय!"

त्याच्याकडं चालणारच. नवख्याला दाखवायचं तर आपला फोनही नवखा करावा लागतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचा साठलेला डेटा पुसायचा, म्हणजे ते ओळख विसरतं आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारतं. तेवढं केलं तरी मामांचा फोन निराळाच राहतो. त्यांनी अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली, त्यामुळं भाच्याच्या पडद्यावर समोर दिसणारं बटन मामांच्या पडद्यावर खाली ढकललेलं असतं. वर सरकवल्याशिवाय ते दिसत नाही, आणि सरकवा असं व्हिडिओ म्हणत नाही.

त्यात पिकाचा घोटाळा. भाच्यानं उदाहरणाला सोयाबीन घेतलं आणि पिकाचा वर्ग 'निर्भेळ पीक' निवडला. मामांच्या रानात सोयाबीनमध्ये तुरीचे तास. तिथं 'मिश्र पीक' निवडायचं आणि दोन्ही पिकांचं क्षेत्र वेगवेगळं टाकायचं. दुसऱ्या तुकड्यात हळद, आणि ती साधीसुधी नव्हे, वसमतची. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. सोयाबीनच्या व्हिडिओवरून हळद कशी नोंदवायची, हा मामांचा प्रश्न भाच्याला हास्यास्पद वाटला. मला वाटला नाही. ज्यानं जन्मभर सोयाबीनला एक औषध आणि हळदीला दुसरं वापरलं, त्यानं दोन्हीला एकच व्हिडिओ का चालवून घ्यावा?

शेवटची पायरी फोटोची. भाच्यानं खराडीच्या गॅलरीतल्या तुळशीकडं कॅमेरा वळवला आणि म्हणाला, "आता पिकाचा फोटो काढा." ॲपनं सांगितलं की तुम्ही निवडलेल्या गटापासून लांब आहात. बरोबरच होतं, ठिकाण ताडून बघितल्याशिवाय ते फोटो घेत नाही, आणि पुण्यातून वसमतचा गट कुठल्याच हिशेबानं जवळ नाही. भाच्यानं तिथंच व्हिडिओ आवरता घेतला, "पुढचं सोपं आहे." एका परीनं बरंच झालं म्हणा. त्यानं मामांचंच खातं उघडलेलं होतं. तालीम म्हणून खरोखर सगळं भरून पाठवलं असतं तर गॅलरीतली तुळस मामांच्या सातबाऱ्यावर सोयाबीन म्हणून उगवली असती.

बरं, व्हिडिओ कसाही असो, मामांकडं फोन एकच. व्हिडिओ पाहायचा तर ॲप झाकायचं, ॲप उघडायचं तर व्हिडिओ जायचा. पहिल्या दिवशी मामांनी व्हिडिओतलंच हिरवं बटन दाबलं. व्हिडिओ थांबला. परत दाबलं, सुरू झाला. बटन चालतंय याची खात्री पटून ते समाधानानं घरी आले. सहा मिनिटांचा व्हिडिओ एवढ्यासाठीच निरुपयोगी असतो. डोक्यात राहतं ते एक पाऊल, फार तर दोन. वीस-पंचवीस सेकंदांचे तुकडे करून एकेक पाठवले, तर एक बघावा, एक करावा, पुढचा उघडावा. भाच्यानं मात्र या अडचणीवर 'व्हिडिओ बघता बघता ॲप कसं वापरायचं' असा नवा व्हिडिओ केला. तोही सहा मिनिटांचा.

महालक्ष्म्यांना तो गावी आला तेव्हा पाहणीची मुदत संपत आली होती. पुरणाचं जेवण अंगावर आलेलं असताना मामींनी त्याला रानात पिटाळला. बांधावर त्यानं सवयीनं स्वतःचा फोन काढला, पण रेंज नव्हती. मामांच्या फोनला दोन काड्या होत्या. नाइलाजानं त्यानं मामांच्याच फोनवर रेकॉर्डिंग लावलं, आणि फोन मामांच्या हातात राहिल्यामुळं बोलायचं कामही मामांकडं आलं. "आता हे इंग्रजी विचारतंय. यातलं वरलं दाबायचं. खालचं मी मागं दाबलतं, त्यानं वाटोळं झालं. आता खाली बटन नाही. कामून नाही? वर सारल्यावर येतं. आलं." परवानगीचा प्रश्न, मोठी अक्षरं, मिश्र पीक, तुरीचं क्षेत्र, सगळं त्यात आलं. मामांचा फोन, मामांचं रान, मामांची चूक आणि मामांचीच भाषा. मी तो पाहिलाय. पाठीमागं बैलाची घंटा वाजते आणि ठिपका थरथरतो, पण बघून कुणालाही पाहणी करता यावी. भाच्याच्या सगळ्या कारकिर्दीत एवढा चांगला व्हिडिओ झाला नव्हता, आणि त्यात तो एका वाक्यापुरताच होता: "मामा, मधे मधे सुस्कारे टाकू नका."

पण हा रोग लागट आहे. मामा आता स्वतःच रेकॉर्डिंग करतात. परवा त्यांनी मेहुण्यासाठी व्हिडिओ केला आणि ॲपचा चार आकडी संकेतांक एकेक आकडा मोठ्यानं उच्चारत, ठिपक्यासकट दाखवत, साठ माणसांच्या घरच्या ग्रुपवर टाकला. भाच्याचा तातडीनं फोन आला. मामा म्हणाले, "सगळे घरचेच हायेत की." भाच्यानं लगेच 'टाकलेला व्हिडिओ सगळ्यांकडून कसा पुसायचा' याचा व्हिडिओ करून पाठवला. या खेपेला माइक चालू, ठिपका चालू, आधी सांगून मग दाबलेलं, सगळं बिनचूक. फक्त व्हॉट्सॲपवर सगळ्यांकडून पुसायची मुभा साधारण अडीच दिवसच असते, आणि मामा हळदीला भर देण्यात गुंतलेले. त्यांनी चौथ्या दिवशी सवडीनं तो पाहिला, सांगितल्याबरहुकूम बोट दाबून धरलं, तेव्हा 'Delete for me' एवढंच उरलं होतं. ते दाबून त्यांनी ग्रुपवर कळवलं, "पुसलं. माझ्याकडं तर काहीच दिसत नाही."