खुलासेराव

सौंसर ते पांढुर्णा या पट्ट्यात संत्र्याच्या धंद्यात पडलेला माणूस सहसा एका वाक्याचं काम दोन शब्दांत उरकतो. मॅनेजर म्हणतो, "देख लेना." हाताखालचा म्हणतो, "हो जी." झालं. काय देखायचं, कधी, आणि देखून पुढं काय करायचं, हे दोघांनाही ठाऊक नसतं; पण दोघेही समाधानानं आपापल्या कामाला लागतात. अशा मुलखात खुलासेराव जन्माला यावा, ही निसर्गाची चेष्टाच म्हणायची.

खुलासेराव हे काही त्याचं खरं नाव नाही. संत्र्याच्या यार्डात त्याला हेच म्हणतात, आणि तुम्ही कुठल्याही यार्डात, जिनिंगमध्ये किंवा बोरगावच्या एखाद्या कारखान्यात गेलात तर तो तुम्हाला भेटेल. शर्टाच्या खिशात चौकोनी घडीची वही, कानावर पेन, आणि चेहऱ्यावर नुकतीच शंका फिटल्याचं समाधान. नवी शंका यायला अजून पाच मिनिटं असतात, तेवढ्या वेळात तो चहा पितो.

शंका तर सगळ्यांनाच येतात. पण शंका विचारली की "इतकंही समजत नाही काय?" असा प्रश्न अंगावर येतो, म्हणून लोक गप्प बसतात आणि माल सडल्यावर बोलतात. खुलासेराव मात्र असा विचारतो की समोरच्याला वाटावं, हा विचारत नाही, कामाचा हिशेब देतो आहे. त्यानं साहेबाला "काय करू जी?" असं विचारलेलं यार्डात कोणी ऐकलेलं नाही. "हे केलं, हे केलं, आता इथं दोन वाटा फुटतात, तुमी कोणती म्हणता?" अशी त्याची रीत. शेवटचा प्रश्न सोडला तर बाकी सगळं उत्तरच असतं.

नोव्हेंबर होता, आंबिया बहाराचा तोडा जोरात चालू होता. मॅनेजरसाहेब फोन कानाला लावूनच यार्डातून गेले आणि जाताजाता म्हणाले, "कल की गाडी अच्छे से भरवा देना. दिल्ली का माल है. टाइम पे निकालना." आणि जीप निघून गेली.

यार्डातली बाकी मंडळी "हो जी" म्हणून मोकळी झाली. एकानं तर लगेच मजुरांना सकाळी सहाला बागेत यायला सांगितलं, कारण टाइम म्हणजे सकाळ, असं त्याचं शाळेपासूनचं मत होतं. खुलासेराव काही बोलला नाही. तो आधी जुनं रजिस्टर उघडून बसला. त्याच दिल्लीच्या पार्टीला मागच्या वेळी काय गेलं होतं? मधल्या आकाराचं फळ, वीस-वीस किलोचे पाचशे क्रेट, म्हणजे दहा टन. आता यार्डात रिकामे क्रेट किती, ते त्यानं स्वतः जाऊन मोजले. मग ड्रायव्हरला फोन. "भाऊ, दिल्लीला धाव किती तासांची?" ड्रायव्हर म्हणाला, वाटेत काही झालं नाही तर चौतीस तास.

इथंच खुलासेरावाचं पेन कानावरून खाली आलं. गाडी उद्या सकाळी आठला निघाली तर परवा संध्याकाळी सहाला दिल्लीत. आझादपूर मंडीतला लिलाव पहाटेपासून. म्हणजे दहा टन संत्रं रात्रभर बंद गाडीत उभं राहून घाम गाळणार. तीच गाडी उद्या संध्याकाळी सहाला निघाली तर तेरवा पहाटे चारला मंडीत, अगदी त्याच लिलावाला. दहा तास फळ गाडीत राहण्याऐवजी झाडावर राहील. शिवाय सकाळची गाडी धरायची तर तोडा आज अंधारात किंवा उद्या पहाटे दवात करावा लागेल, आणि ओलं फळ क्रेटमध्ये भरलं की दिल्लीला बुरशी आपली वाट बघत उभीच असते. दव सुकल्यावर, देठाजवळ कात्रीनं कापून काढलेलं संत्रं टिकतं. ओढून तोडलं की देठापाशी साल फाटते, आणि ती फाट दोन दिवसांनी ग्राहकाला पहिल्यांदा दिसते. हे साहेबांनाही माहीत असणार. पण साहेबांनी "टाइम पे" म्हणताना निघायचा टाइम म्हटला की पोचायचा?

आता हा प्रश्न कधी विचारायचा, याचंही त्याचं शास्त्र आहे. साहेब मालकाशी फोनवर बोलत असतील तेव्हा नाही. मजुरांसमोर तर कधीच नाही, कारण तिथं साहेबाला उत्तर येत नसलं तरी उत्तर द्यावं लागतं, आणि ते चुकीचं असलं तरी नंतर बदलता येत नाही. खुलासेराव साहेबांचा दुसरा चहा गाठतो. पहिल्या चहाला माणूस अजून झोपेत असतो, तिसऱ्याला चिडलेला.

"साहेब, क्रेट मोजून घेतले, पाचशे आहेत. मागच्या वेळी गेला तोच मधला साइज धरला. ड्रायव्हर चौतीस तास सांगते. आता सकाळी आठला काढली तर माल परवा संध्याकाळी पोचून रातभर उभा राहते. संध्याकाळी सहाला काढली तर सीधा पहाटेच्या लिलावात. मी संध्याकाळ धरतो म्हणत होतो, दव सुकल्यावर तोडा होते. मालकानं सकाळच सांगितली असंन तर मंग आज रातीच लाइट लावून तोडा लागंन. तुमी काय म्हणता?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. खुलासेरावाला जे आधीच कळलेलं होतं ते आता त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं: साहेबांनाही माहीत नव्हतं. मालकानं नागपूरहून फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दिल्लीची गाडी टाइमावर काढ." साहेबांनी ते जसंच्या तसं खाली सोडलं होतं. बरेचदा धूसर हुकूम वरूनच धूसर निघालेला असतो; मधल्याचं काम फक्त आवाज वाढवण्याचं. साहेब उठले, बाजूला गेले, मालकाशी बोलले आणि परत येऊन म्हणाले, "शाम को ही निकालो. मैं वही बोल रहा था." खुलासेराव म्हणाला, "तेच म्हटलं जी, मला वाटलंच होतं." त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे, असं माझं मत. उत्तर कुणाच्या नावावर चढतं, याचा खुलासा त्याला कधीच नको असतो.

त्यानंतर त्यानं व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकल्या. प्रश्नचिन्ह एकही नाही. "ठरल्याप्रमाणे गाडी उद्या सायं. 6. मधला साइज, 500 क्रेट. तोडा सकाळी दव सुकल्यावर. क्रेटमध्ये खाली कागद घालतो, नको असल्यास आज चारपर्यंत कळवावे." साहेबांनी नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा खुलासेरावानं फोनमध्ये जपून ठेवला. त्याच्या मते अंगठ्याला सहीइतकाच मान असतो.

इथं एक बारकी गोष्ट सांगितली पाहिजे. "चारपर्यंत कळवावे" हे त्यानं कागदाबद्दल लिहिलं, तोड्याबद्दल नाही. कागद चुकला तर काढता येतो. पण संत्रं एकदा तोडलं की त्याची गोडी तिथंच थांबते. रंग पुढं फिरेल, पण आत साखर वाढत नाही. म्हणून मागं फिरता न येणाऱ्या कामात तो साहेबांच्या गप्प बसण्याला होकार समजत नाही. फोन लागला नाही तर साहेबांच्या घरी जातो. यार्डात एकजण होता, तो सगळ्याच कामात "कळवलं नाही म्हणजे चालते" असं धरून चालायचा. तो आता दुसऱ्या यार्डात आहे.

खुलासेरावाचीही कधी फजिती होते. हा पट्टा 2023 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होता. मग पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. तेव्हापासून सौंसरात बसलेल्या साहेबानं "जिल्ह्याला जाऊन तो कागद आण" म्हटलं की हुकुमाला दोन रस्ते फुटतात, एक वर छिंदवाड्याकडं, एक पांढुर्ण्याकडं. खुलासेरावानं पहिल्यांदा नियमानं विचारलं, "साहेब, जुना कागद जुन्या जिल्ह्यातून की नवा कागद नव्यातून? की जुना कागद नव्यातून?" साहेब म्हणाले, "जिधर मिले." तेव्हापासून तो दोन्ही कार्यालयांत आधी फोन करतो आणि मगच साहेबांना सांगतो की कागद कुठं आहे. जिथं फोन करून कळतं तिथं साहेबाला विचारायचं नाही, ही ओळ त्या दिवशी त्याच्या वहीत चढली.

दुसरी फजिती पोळ्याची. साहेब मूळचे जबलपूरकडचे, नव्यानंच आलेले. पोळ्याच्या संध्याकाळी पांढुर्ण्याच्या ऑफिसात ते म्हणाले, "कल सब जल्दी आ जाना." सगळे गप्प. दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीत पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकणार, आणि साहेबांचं ऑफिस नदीपासून फार लांब नाही. खुलासेरावानं उठून साहेबांना एकांतात गाठलं. "साहेब, लवकर म्हणजे गोटे सुरू व्हायच्या आधी येऊन घरी जायचं, की गोटे चालू असताना इथंच थांबायचं?" साहेबांना वाटलं हा सुट्टीसाठी बहाणा करतो. मग कुणीतरी त्यांना फोनवर मागच्या सालचा व्हिडिओ दाखवला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिस बंद ठेवलं आणि स्वतः नागपूरला गेले.

घरी मात्र हे शास्त्र चालत नाही. "येताना चहापत्ती आणजो" एवढं ऐकून तो पहिल्यांदा थांबला आणि म्हणाला, "मागच्या वेळी पाव किलो आणली होती, ती बारा दिवस गेली. पाहुणे येणार असतील तर अर्धा, नसतील तर पाव. मी पाव धरतो." बायकोनं काही न बोलता कचऱ्याच्या डब्यातून रिकामं पाकीट काढलं, झटकलं आणि त्याच्या हातात दिलं. खुलासेराव खूश झाला; नमुन्यासकट हुकूम त्याला यार्डात कधी मिळाला नव्हता. दुकानातून त्यानं फोन केला.

"अगं, हेच आहे, पण यात आता लाल पाकीट आलं आहे. जुनं हिरवं होतं. भाव तोच. लाल घेतो म्हणतो, तू काय म्हणते?"

"घरी ये," बायको म्हणाली.

"चहा घेऊन, की चहा न घेता?"