निळा ठिपका

गेली अकरा वर्षं मी टॅक्सी चालवतो. त्यातली शेवटची सहा वर्षं टॅक्सी खरं तर फोनच चालवतोय, मी नुसतं स्टिअरिंग धरून बसतो, हे मला ताम्हिणी घाटात कळलं.

पुण्याहून श्रीवर्धनला एका काका-काकूंना घेऊन निघालो होतो. मुळशी मागे पडलं आणि रेंजच्या काड्या एकेक करून उतरल्या. तरी नकाशावरचा निळा ठिपका निळ्या रेघेवरून शहाण्यासारखा चालला होता. गप्प बसायचं ना! पण कोपऱ्यातली ती फुली बघून माझे हात शिवशिवले. ॲप बंद करून पुन्हा उघडलं. रेघ गेली. करड्या पटावर उरला एकटा ठिपका.

मग गाडी कडेला घेऊन आमचा दवाखाना सुरू झाला. फ्लाइट मोड दहा सेकंद लावून काढला. फोन बंद करून चालू केला. काकूंच्या पदराची पिन मागून सिम बाहेर काढलं, शर्टाला पुसलं, फुंकर मारली, परत घातलं. काका म्हणाले, "माझा हॉटस्पॉट घ्या की." घेतला. त्यांच्या फोनलाही रेंज नव्हती. आम्ही शून्याला शून्य जोडत होतो.

"पण दादा, ठिपका तर हलतोय," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "अडकला असेल."

स्टँडवरच्या एका पोरानं नंतर समजावलं ते असं: ठिपक्याला सिम लागतच नाही, त्याची जागा थेट उपग्रहांवरून कळते. इंटरनेट लागतं ते नकाशा आणायला अन् वाट आखायला. पुण्यात आखलेली वाट फोनमध्ये तशीच होती. ती मी स्वतःच्या बोटानं पुसली. बाकीचे सगळे उपाय टॉवर असलेल्या गावी चालतात. घाटात टॉवरच पोचत नसेल, तर सिमला कितीही आंघोळ घाला!

त्या दिवशी पुढे विळ्याच्या फाट्यावर आमची वाट डावीकडे, निजामपूर-माणगावची. मी थाटात उजवीकडे वळलो, कारण ठिपकाही वळला. मी वळलो म्हणून तो वळला, हे लक्षात यायला कोलाडची पाटी दिसावी लागली.

"कोलाडला कुणाचं काय काम आहे?" काकूंनी विचारलं.

"इकडून रस्ता चांगला आहे," मी म्हणालो, आणि गाडी नेमकी खड्ड्यात आपटली.

कोलाडला रेंज आली, नकाशातली बाई बोलू लागली. तिच्या आवाजात मला जरा कुत्सितपणा वाटला. जास्तीच्या किलोमीटरचे पैसे मी मागितले नाहीत. काकांनीही दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरच्या वायफायवर ऑफलाइन नकाशा उतरवून घेतला. पुढच्या खेपेला निर्धास्त निघालो. घाट उतरता उतरता पट पुन्हा करडा. उतरवताना जी चौकट ओढतात, त्यात मी अख्खं पुणं बसवलं होतं, पार आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीसकट. चौकट संपत होती ती ताम्हिणीत.